खणाच्या साड्या, 21,000 रुपये आणि पाच आठवड्यांची वाट

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एक ताई खणाच्या साड्या विकतात. गुळेदगुड्डहून कापड येतं, साडी इथे तयार होते, आणि ओळखीपाळखीत, प्रदर्शनात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ती बऱ्यापैकी खपते. स्वतःची वेबसाइट आहे, तिच्यावरही जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी येतात. अनोळखी गिऱ्हाईक मात्र जवळजवळ नव्हतंच. ते मिळवायला इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर जाहिरात चालवायची, म्हणून जानेवारी 2025 मध्ये त्या माझ्याकडे आल्या. आल्या तेव्हा त्यांचं मत आधीच बनलेलं होतं. "आम्ही करून बघितलंय दादा. आपल्या मालाला जाहिरात चालत नाही."

खातं उघडून बघितलं. आधीचा प्रयत्न 20 ते 23 सप्टेंबर 2024 या चार दिवसांचा होता. चार वेगवेगळे ॲड सेट होते, म्हणजे वेगवेगळ्या प्रेक्षकांसाठी जाहिरातीचे चार गट, प्रत्येकाला रोज 300 रुपये. चार दिवसांत 4,800 रुपये गेले आणि पाच ऑर्डरी आल्या. एका ॲड सेटला तीन, दोघांना एकेक, एकाला शून्य. म्हणजे एका ऑर्डरीला 960 रुपये. ते बघून ताईंच्या यजमानांनी सगळंच बंद केलं.

या चार दिवसांत नेमकं काय कळलं, हे त्यांच्याशी बोलताना मला फार काळजीपूर्वक मांडावं लागलं, कारण 4,800 रुपये घरातून गेले होते आणि त्याचं दुःख खरं होतं. पण कळलं काहीच नव्हतं. पाच ऑर्डरी हा इतका छोटा आकडा आहे की त्याच जाहिरातीचे तसेच चार दिवस पुन्हा आले असते तर दोनही ऑर्डरी आल्या असत्या आणि अकराही. अकरा आल्या असत्या तर घरात पेढे वाटले गेले असते, कारण तो आकडा फायद्याचा होता. त्यात ते दिवस पितृपक्षाचे. नवं कापड घ्यायचं नाही म्हणणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत, आणि साडी घेणारी बाई नेमकी त्याच घरातली असते.

आणखी एक गोष्ट खात्यात होती, ती कुणी बघितलीच नव्हती. जाहिरात बंद केल्यावर पुढच्या आठवड्यात दोन ऑर्डरी आल्या. दोन्ही त्याच जाहिरातीवर आधी क्लिक केलेल्या बायकांच्या. त्यातली एक त्या शून्यवाल्या ॲड सेटमधली. म्हणजे पाच नव्हे, सात. 960 नव्हे, 686 रुपये. मत मात्र चौथ्या दिवशीच बनून गेलं होतं.

आधी वही, मग बजेट

"रोज किती ठेवू?" हा पहिला प्रश्न नेहमीचा. माझा आग्रह असा की रोजचा आकडा शेवटी काढायचा. सुरुवात एका साडीच्या हिशेबापासून करायची, आणि तो हिशेब जाहिरातवाल्याने नाही, दुकानदाराने वहीत मांडायचा.

साडी 1,799 रुपयांना. त्यातला 5 टक्के जीएसटी वजा केला की हातात 1,713 राहतात. साडी तयार होऊन पडते 880 ला. फॉल, डबा, पिशवी मिळून 63. कुरिअर 110. उरतात 660 रुपये. इथे थांबलो असतो तर "660 पर्यंत जाहिरातीवर खर्च चालेल" असं म्हणून मोकळे झालो असतो, आणि तीच चूक झाली असती.

कारण सीओडी, म्हणजे पैसे साडी दारात आल्यावर. वेबसाइटवरच्या शंभर ऑर्डरींतल्या साठ सीओडीच्या असतात आणि त्यातली साधारण चौथी परत येते, असं ताईंच्या रजिस्टरवरून दिसलं. म्हणजे शंभरातल्या पंधरा साड्या परत. परत आलेल्या साडीमागे जाण्यायेण्याचं कुरिअर 220 रुपये बुडतं. उरलेल्या 85 साड्यांचे 56,100 रुपये, त्यातून पंधरा परतींचे 3,300 वजा, राहिले 52,800. भागिले शंभर. वेबसाइटवर पडलेल्या एका ऑर्डरीची खरी किंमत 528 रुपये. 660 नाही.

हा 528 चा आकडा आम्ही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला. एका ऑर्डरीला एवढे लागले तर ना नफा ना तोटा. जाहिरातीच्या पडद्यावर पुढे जे काही दिसेल ते या आकड्याशी ताडून बघायचं.

आता दुसरा प्रश्न. किती ऑर्डरी आल्या म्हणजे निकालावर विसंबता येईल? याला एक ओबडधोबड पण उपयोगी रीत आहे. जितक्या ऑर्डरी आल्या त्यांचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. तेवढा आकडा निव्वळ योगायोगाने वर किंवा खाली होऊ शकतो. पंचवीस ऑर्डरींचं वर्गमूळ पाच, दुप्पट दहा. म्हणजे पंचवीस दिसल्या तरी खरा प्रकार पंधरा ते पस्तीसमधला काहीही असू शकतो. चाळीसला हा फरक तेरा, म्हणजे सत्तावीस ते त्रेपन्न. अजूनही ऐसपैसच आहे, पण "पैसे पाण्यात" आणि "चांगलं चाललंय" यांतला भेद कळायला पुरतं. दहाच्या खाली ही रीत लावूच नये, आकडे तिथे फार लंगडे असतात.

चाळीस ऑर्डरी गुणिले 528, म्हणजे 21,120. गोल करून 21,000. हे झालं चाचणीचं बजेट. रोज किती परवडतं यातून तो आकडा आलेला नव्हता, एका प्रश्नाचं उत्तर विकत घ्यायला किती लागतात यातून आला होता.

ताई गप्प झाल्या. मी पुढचंही सांगितलं, कारण ते लपवून चालत नाही. जाहिरातीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. त्यांची नोंदणी असल्यामुळे तो पुढे वळता होणार होता, पण रोकड आधी 24,780 जाणार. शिवाय चाळीस साड्या तयार ठेवायच्या, म्हणजे आणखी पस्तीस हजार मालात अडकणार, आणि सीओडीचे पैसे कुरिअरकडून यायला आठवडा-दहा दिवस लागतात. 21,000 ची चाचणी म्हणजे महिनाभर साठेक हजार रुपये अडकून पडणं. हे ज्याला झेपत नाही त्याने चाचणी सुरूच करू नये, कारण निम्म्यावर पैसे संपले की सप्टेंबरसारखंच होतं: खर्च पूर्ण, उत्तर अर्धवटही नाही.

"आणि सहाच हजार असते तर?" यजमानांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. सहा हजारांत जाहिरात अगदीच वाईट आहे का, एवढंच कळतं. फायद्याची आहे का, हे कळत नाही. तेवढ्यावर समाधान असेल तर सहा हजार खर्च करावेत, पण मग निकालही तेवढाच मागावा.

दोन दिवसांनी ताईंचा निरोप आला, दिवाळीतल्या विक्रीतून बाजूला ठेवलेले पैसे आहेत, करूया.

रोजचा आकडा आणि एकच ॲड सेट

21,000 किती दिवसांत खर्चायचे? रोज 3,000 टाकले तर सात दिवसांत संपतात, पण त्यात एकच शनिवार-रविवार येतो. रोज 750 टाकले तर चार आठवडे लागतात आणि मेटाची, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकवाल्या कंपनीची, यंत्रणा उपाशी राहते. आम्ही रोज 1,500 आणि चौदा दिवस ठरवले. सोमवार 27 जानेवारीपासून रविवार 9 फेब्रुवारीपर्यंत. संक्रांत होऊन गेलेली, पाडवा अजून लांब, म्हणजे सणाचा फुगवटा नाही आणि पितृपक्षासारखी ओहोटीही नाही. महिनाअखेरीचे तंगीचे चार-पाच दिवस आणि पगार झाल्यानंतरचा आठवडा, दोन्ही त्यात येत होते. साडी पगारानंतर घेतली जाते, हे दुकानात बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. चाचणीच्या तारखा ठरवताना मात्र ते हटकून विसरलं जातं.

यंत्रणा उपाशी राहते म्हणजे काय, ते सांगायला हवं. मेटाचा ॲड सेट सुरुवातीला शिकत असतो. कुणाला जाहिरात दाखवली की ऑर्डर येते, हे तो चाचपडत शोधतो. स्थिरावायला त्याला एका आठवड्यात साधारण पन्नास ऑर्डरी लागतात, असं मेटाच सांगते. आमच्या हिशेबाने पन्नास ऑर्डरी म्हणजे आठवड्याला 26,400 रुपये, आणि तेही एका ॲड सेटसाठी. सप्टेंबरमध्ये प्रत्येक ॲड सेटला दिवसाला 300 मिळत होते. त्या हिशेबाने आठवड्याला चार ऑर्डरी. चार कोपऱ्यांत चार दिवे लावले होते आणि एकाही दिव्यात पुरेसं तेल नव्हतं.

दिवे चार असण्याचा दुसराही तोटा होता. ना नफा ना तोटा अशा दर्जाच्या जाहिरातीवर 1,200 रुपये खर्च केले तर सरासरी सव्वादोन ऑर्डरी अपेक्षित असतात, पण दहातल्या एका वेळी शून्यच येतात. अशा चार जाहिराती शेजारी ठेवल्या तर निदान एकीला शून्य दिसण्याची शक्यता तीनात एक. ते शून्य बघून "हा प्रेक्षक आपला नव्हे" म्हणणं म्हणजे नाणं एकदा उडवून खोटं ठरवण्यासारखं आहे.

म्हणून यावेळी एकच कॅम्पेन, एकच ॲड सेट, संपूर्ण महाराष्ट्र, बायका, वय 25 ते 60, बाकी कुठलीही चाळणी नाही. आत तीन जाहिराती: साडी नेसतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ, रंगांचे फोटो, आणि मागावर विणल्या जाणाऱ्या कापडाचा एक फोटो. आठवड्याला पन्नास ऑर्डरी आमच्याही होणार नव्हत्या, वीसच्या आसपास होणार होत्या. त्यामुळे पडद्यावर 'लर्निंग लिमिटेड' अशी खूण येईल, ती आली तरी घाबरायचं नाही, हे ताईंना आधीच सांगून ठेवलं. ती खूण म्हणजे यंत्रणेला पुरेशा ऑर्डरी मिळत नाहीयेत. जाहिरात वाईट आहे असा तिचा अर्थ नाही.

सुरू करायच्या आदल्या दिवशी मी स्वतः एक साडी सीओडीने मागवली. मेटाच्या पडद्यावर एका ऑर्डरीच्या दोन दिसल्या. डिसेंबरमध्ये साइटचा साचा बदलताना पिक्सेल, म्हणजे ऑर्डरीची खबर मेटाला देणारा कोड, दुसऱ्यांदा बसवला गेला होता, एक साच्यात आणि एक प्लगइनमधून, आणि दोघेही तीच खरेदी वेगवेगळ्या `event_id` ने, म्हणजे वेगवेगळ्या ओळखक्रमांकाने, पाठवत होते. साच्यातला काढून टाकला, पुन्हा ऑर्डर टाकली, एकच दिसली. हे न करता चाचणी सुरू झाली असती तर वीस ऑर्डरींच्या चाळीस दिसल्या असत्या आणि आम्ही आनंदाने बजेट दुप्पट केलं असतं.

वहीच्या दुसऱ्या पानावर थांबण्याचा नियम लिहिला. 528 च्या सहापट, म्हणजे सुमारे 3,200 रुपये जाऊनही एकही ऑर्डर नाही आली, तर थांबायचं आणि आधी साइट तपासायची. सहा ऑर्डरी अपेक्षित असताना शून्य येणं योगायोगाने जवळपास घडत नाही, कुठेतरी काहीतरी तुटलेलं असतं. तीनपटीवरही थांबता येतं, कारण तीन अपेक्षित असताना शून्य येण्याची शक्यता वीसात एकच. पण साडी घेणारी बाई क्लिक केल्या केल्या घेत नाही, त्यासाठी मी दुप्पट मोकळीक ठेवली. या एका कारणाशिवाय 9 फेब्रुवारीपर्यंत कुणीही काहीही बदलायचं नाही, असं ठरलं. बजेटही नाही, फोटोही नाही, प्रेक्षकही नाही. यातला मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

तिसऱ्या दिवसाची रात्र

पहिल्या दिवशी 1,500 ऐवजी 1,870 रुपये गेले, तेव्हाच पहिला फोन आला. रोजचं बजेट हे सरासरीचं असतं. एखाद्या दिवशी जास्त जातात, पण आठवड्याची बेरीज सात पटीच्या पलीकडे जात नाही. तेवढ्यावर तो विषय मिटला.

बुधवारी, तिसऱ्या दिवशी, एकही ऑर्डर नव्हती. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर निरोप आला: "दादा आज शून्य. 4,650 गेले, पाचच ऑर्डर. परत तेच. बंद करू का?"

आकडे सप्टेंबरसारखेच होते, 930 रुपयांना एक. तेव्हा नेमकं इथेच बंद केलं होतं. मी त्यांना लिहिलं की पहिल्या पानावरचा आकडा आणि दुसऱ्या पानावरचा नियम वाचा. शून्य ऑर्डरी आणि 3,200 रुपये, असा नियम आहे. आपल्या पाच आल्यात. आणि बुधवार आहे, महिन्याची 29 तारीख.

मग एका गोष्टीकडे त्यांचं लक्ष वेधलं, ती पुढे त्या स्वतःच रोज बघू लागल्या. मेटाच्या अहवालात ऑर्डर ज्या दिवशी पडली त्या दिवशी नोंदली जात नाही, ती जाहिरात ज्या दिवशी बघितली किंवा क्लिक केली त्या दिवसाच्या नावे जाते. सोमवारी क्लिक करून शनिवारी साडी घेतली तर सोमवारचा आकडा शनिवारी वाढतो. नेहमीच्या मांडणीत क्लिकनंतर सात दिवसांपर्यंतची ऑर्डर जाहिरातीच्या खात्यात धरली जाते, आणि नुसती जाहिरात बघितली असेल तर एक दिवसापर्यंतची. त्यामुळे कालचा दिवस आज नेहमीच वाईट दिसतो. तो अजून पिकलेला नसतो.

पुढच्या बुधवारी त्याच पहिल्या तीन दिवसांचा आकडा पुन्हा उघडला. पाचच्या आठ झाल्या होत्या. 930 चे 581. पैसे तेच, दिवस तेच, फक्त आठवडा मध्ये गेला होता. ताईंनी वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि तारखा टाकल्या. रोज रात्री अकराचा निरोप त्यानंतर बंद झाला.

शनिवार-रविवार अपेक्षेप्रमाणे भरले. दुसऱ्या आठवड्यात, पगारानंतर, ऑर्डरींचा वेग आणखी थोडा वाढला. 9 फेब्रुवारीच्या रात्री मेटा 34 ऑर्डरी दाखवत होतं, एकीला 618 रुपये. जाहिरात बंद केली, निकाल मात्र लिहिला नाही. सात दिवस थांबलो. 16 फेब्रुवारीला 41 झाल्या, एकीला 512. ताईंच्या रजिस्टरशी ताडून बघितल्या, जुन्या गिऱ्हाइकांची नावं नाहीत ना, हेही बघितलं. ऑर्डरी नव्या लोकांच्याच होत्या.

512 हा आकडा 528 च्या आत आहे. यजमान खूश झाले. पण एक्केचाळीसचं वर्गमूळ साडेसहाच्या आसपास, दुप्पट तेरा. खरा प्रकार 28 ते 54 ऑर्डरींच्या मध्ये कुठेही. म्हणजे एका ऑर्डरीला 390 रुपयेही असतील आणि 750 ही. इतकंच म्हणता येत होतं की जाहिरात ना नफा ना तोटा या रेषेच्या आसपास आहे, आणि "आपल्या मालाला जाहिरात चालत नाही" हे खरं नाही.

परत आलेल्या साड्या

खरा निकाल कुरिअरच्या गाडीतून आला. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत साड्या परत येत राहिल्या, आणि वहीतला हिशेब हलला.

जुन्या गिऱ्हाइकांमध्ये सीओडी साठ टक्के होती. जाहिरातीवरून आलेल्या 41 पैकी 30 ऑर्डरी सीओडीच्या होत्या, आणि त्यातल्या 9 परत आल्या. अनोळखी बाई आधी पैसे भरायला कचरते, हे समजण्यासारखं आहे. रात्री आवडलेली साडी चार दिवसांनी दारात येते तेव्हा घरी कुणी नसतं, किंवा मन बदललेलं असतं. टिकल्या 32 साड्या. 32 गुणिले 660 म्हणजे 21,120, त्यातून नऊ परतींचे 1,980 वजा, उरले 19,140. खर्च 21,000. तोटा 1,860 रुपये.

मेटाच्या पडद्यावर थोडा नफा, रजिस्टरात थोडा तोटा. आमचा 528 चा आकडाच जाहिरातीच्या गिऱ्हाइकासाठी चुकीचा होता, तो जुन्या गिऱ्हाइकावरून काढलेला. नव्यासाठी तो 467 निघाला. हे चाचणीआधी कळणं शक्य नव्हतं आणि चौदाव्या दिवशीही शक्य नव्हतं. शेवटची परत येणारी साडी येईपर्यंत, म्हणजे जाहिरात सुरू झाल्यापासून जवळजवळ पाच आठवडे थांबावं लागलं. मला विचाराल तर सीओडीवर विकणाऱ्याने चाचणीची मुदत कुरिअरच्या वेळापत्रकाने ठरवावी, मेटाच्या नाही.

तिन्ही जाहिरातींचा हिशेब वेगळा काढला तर नेसण्याच्या व्हिडिओवर 14,200 रुपये गेले आणि 33 ऑर्डरी आल्या, एकीला 430. रंगांच्या फोटोंवर 5,100 आणि सहा. मागाच्या फोटोवर 1,700 आणि दोन. मागाचा फोटो ताईंचा सगळ्यात लाडका. दोन ऑर्डरींवरून तो वाईट ठरत नाही, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. पण व्हिडिओ चांगला आहे असं म्हणायला 33 ऑर्डरी होत्या, आणि पुढचे पैसे जिथे काहीतरी माहीत आहे तिथे टाकणं बरं.

24 फेब्रुवारीपासून दुसरी फेरी केली. फक्त व्हिडिओ, रोजचे तेच 1,500, तीन आठवडे. एकच बदल: सीओडीसाठी 99 रुपये आधी भरायचे, बाकीचे दारात. ऑर्डरी घटतील अशी ताईंना भीती होती. 31,500 रुपयांत 70 ऑर्डरी आल्या, एकीला 450. परत फक्त सहा. टिकलेल्या 64 साड्यांचे 42,240, परतींचे 1,320 वजा, उरले 40,920. जाहिरातीचा खर्च काढून 9,420 रुपये सुटले.

हा आकडा बघून बजेट तिप्पट करायचा मोह घरात सगळ्यांना झाला. मी अडवलं. पाडवा 30 मार्चला होता. आमच्या तीन आठवड्यांत त्याची खरेदी मिसळलेली होती, आणि 99 रुपयांनी किती काम केलं व पाडव्याने किती, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नव्हतं. परत येणं कमी झालं ते 99 रुपयांमुळे, हे मी बऱ्यापैकी खात्रीने म्हणेन. ऑर्डरीचा भाव 450 वर राहिला तो कशामुळे, हे सांगता येत नव्हतं.

म्हणून पाडव्यापर्यंत रोजचे 1,800 केले, त्यानंतर जाहिरात थांबवली, आणि तीच चाचणी मुद्दाम आषाढात लावली. 30 जून ते 13 जुलै, पुन्हा 21,000, तोच व्हिडिओ, तेच 99 रुपये. ऑर्डरी आल्या 34, परत आल्या तीन. 31 साड्यांचे 20,460, परतींचे 660 वजा, उरले 19,800. तोटा 1,200 रुपये, आणि 34 चा आकडा स्वतःच दोन्ही बाजूंना बाराने हलू शकतो. पण परत येण्याचं प्रमाण पुन्हा दहातल्या एकाच्या आसपासच राहिलं होतं, म्हणजे 99 रुपयांचं काम पाडव्याशिवायही होत होतं.

ताईंनी यावेळी निकालाची तारीख मला विचारली नाही. वहीत "3 ऑगस्ट, शेवटचं पार्सल" असं आधीच लिहून ठेवलं होतं. त्या तारखेला हिशेब करून त्यांनीच ठरवलं: आषाढात जाहिरात ठेवायची नाही, ते पैसे गौरीच्या आधीच्या तीन आठवड्यांत टाकायचे.